हातातली बरणी चिकटवल्यासारखी का दिसते?

*माझ्याकडे दोन फोटो आहेत. एकात बहीण हात पुढे करून उभी आहे, दुसऱ्यात आमच्या सावजी मसाल्याची बरणी. कितीही नीट कापून ठेवली तरी बरणी स्टिकरसारखी दिसते. काय करू?*

बहिणीचा फोटो पुन्हा काढा. उघड्या पंज्यावर बरणी कितीही सफाईने बसवली तरी तिला धरलेलं कोणीच नसतं. अंगठा आणि बोटं किती उघडायची हे बरणीची जाडी ठरवते, आणि तो बाक नंतर बोटं ओढूनताणून आणता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात इतवारीतल्या एका मसालेवाल्या काकांचं हेच काम माझ्याकडे आलं. सुनेचा फोटो फुटाळा तलावावर संध्याकाळी काढलेला, ऊन डावीकडून. बरणीचा फोटो दुकानात, वर ट्यूबलाइट. काका म्हणे, "दोन्ही फोटो तर आहेत ना, मग काहून एवढा वेळ लावून राहिला?" दोन दिवस घालवल्यावर मी दोन्ही फोटो नव्याने काढले.

त्यांची बरणी 7 सेंटिमीटर व्यासाची. फोटोत सुनेच्या हातात बरणीच्या जागी द्यायला घरात तेवढ्याच जाडीचा, किंचित कमीच, एक डबा शोधला. डबा बरणीपेक्षा जाड असेल तर नंतर त्याच्या कडा बाहेर डोकावतात. त्याला मसाल्याच्या रंगाचा, चमक नसलेला कागद गुंडाळला, कारण हातातल्या वस्तूचा रंग बोटांच्या आतल्या बाजूवर उतरतो. पांढरा कागद घेतला असता तर बोटं आतून उजळली असती आणि लाल बरणीशी जुळली नसती. डब्यात तांदूळही भरले. रिकामा डबा धरताना बोटं नुसती टेकतात. वजन असलं की बोटांची टोकं दबून चपटी होतात, मनगटही ताठ होतं.

आता बरणीचा फोटो. डबा छातीशी धरलेला आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असेल तर झाकणाचा वरचा भाग थोडा दिसतो, लंबगोल होऊन. बरणी टेबलावर ठेवून समोरासमोर फोटो काढला तर झाकण सरळ रेघ होतं, आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. म्हणून बरणीही तितक्याच वरून, पाच-सहा फूट मागे जाऊन झूम करून, डावीकडून खिडकीचा उजेड घेऊन टिपली.

जोडकाम मी Photopea या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटो एडिटरमध्ये केलं. सगळ्यात खाली सुनेचा फोटो, त्यावर बरणी, आणि सगळ्यात वर सुनेच्याच फोटोची प्रत, जिच्यात मास्क लावून फक्त पुढची बोटं आणि अंगठा ठेवलेला. म्हणजे बरणी तळवा आणि बोटं यांच्या मधे बसते. मास्कची कड बोटाच्या एक-दोन पिक्सेल आत घ्या, नाहीतर जुन्या डब्याची बारीक रेघ राहते. आकार अंदाजाने ठरवू नका. सुनेची चार बोटं मिळून रुंदी 8 सेंटिमीटर होती, फोटोत ती 480 पिक्सेल भरली. म्हणजे सेंटिमीटरला 60, आणि बरणी 420 पिक्सेल रुंद.

खरी गंमत सावलीत आहे, आणि बहुतेक लोक एकच मऊ सावली टाकून मोकळे होतात. मी दोन केल्या, दोन्ही खालचा रंग गडद करणाऱ्या Multiply या ब्लेंड मोडवर, बरणीच्या लेयरलाच बांधलेल्या, म्हणजे बाहेर सांडत नाहीत. पहिली बोट आणि लेबल जिथे भिडतात तिथेच, तीन-चार पिक्सेलची, गडद. रंग काळा नाही; दोन बोटांच्या फटीतला तपकिरी उचलला. दुसरी उजेडाच्या उलट बाजूला, म्हणजे उजवीकडे, रुंद आणि फिकट. बोट जिथे किंचित उचललेलं आहे तिथे पहिली सावली पुसून टाका. तिथेही ती राहिली तर बोट रबराचं वाटतं.

उघड्या काचेवर मात्र अशी सावली जवळजवळ पडतच नाही. ती पडते काचेमागच्या मसाल्यावर, बोटापासून जराशी सरकून. काचेवर बोटाचं पुसट प्रतिबिंब दिसतं. म्हणून बोटं शक्यतो लेबलवर येतील अशीच पकड घ्या. सरबताच्या पारदर्शक बाटलीसाठी ही पद्धत वापरूच नका, कारण मागची बोटं द्रवातून वाकडी-मोठी दिसतात. ती बाटली खरंच हातात देऊन फोटो काढा.

शेवटी चित्र आडवं उलटवून, मोबाइलवर नखाएवढं करून पाहा. काकांना मी तसंच दाखवलं. त्यांनी बरणीकडे पाहिलंच नाही. "सुनेच्या बांगड्या दिसत नाहीत," म्हणे.