आकडा कुठला, कधीचा, कोणी ठेवलेला?

ऑक्टोबर लागला की दुसऱ्या तिमाहीचे आढावे सुरू होतात आणि माझ्याकडे तेच ते प्रश्न यायला लागतात. खंडेनवमीची पूजा आटोपून दिवाळीची सुट्टी लागेपर्यंतच्या घाईत मिनिट्स लिहिण्याचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याला ते बहुधा कोणी शिकवलेलं नसतं. यंदा आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

रिजेक्शन 2 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर गेलं. मिनिट्समध्ये "1 टक्का वाढ" लिहू की "50 टक्के वाढ"? (एक वाचक, हडपसर)

दोन्ही नको. "2 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर" एवढंच लिहा.

आमची तिमाही विक्री 12 कोटींच्या बजेटसमोर 10.80 कोटी झाली. सेल्स हेड म्हणाले, "मागणी कमी होती," म्हणून मी "मागणी घटल्याने विक्रीत 10 टक्के तूट" असं लिहिलं. अकाउंट्सवाल्यांनी त्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलंय. चुकलं काय? (एक वाचिका, भोसरी)

वजाबाकी बरोबर आहे. चूक "घटल्याने" या शब्दात आहे. बैठकीत एका माणसाने सांगितलेलं कारण तुम्ही बैठकीला मान्य झालेली वस्तुस्थिती म्हणून नोंदवलंत.

तुम्ही सोबत पाठवलेल्या शीटवरच बघू. बजेटमध्ये 1,20,000 नग धरले होते, नगाला 1000 रुपये दराने. प्रत्यक्षात गेले 1,12,500 नग, आणि दर पडला 960 रुपये. म्हणजे 7,500 नग कमी गेले, त्याचे बजेटच्या दराने 75 लाख. जे गेले त्यांच्यावर नगामागे 40 रुपये कमी मिळाले, त्याचे 45 लाख. दोन्ही मिळून 1.20 कोटी. यातल्या 45 लाखांचा मागणीशी काही संबंध नाही.

आता त्या 75 लाखांकडे या. त्याच शीटच्या दुसऱ्या पानावर ग्राहकाचं शेड्यूल आहे, 1,16,000 नगांचं. ग्राहकाने बजेटपेक्षा 4,000 नग कमी मागितले हे खरं. पण उरलेले 3,500 नग त्याने मागितले होते आणि तुमच्याकडून गेले नाहीत. मागणी कमी झाल्यामुळे आलेली तूट 40 लाखांची आहे, म्हणजे एकूण तुटीच्या एक तृतीयांश. बाकीचं ओझंही त्या एका वाक्याने मागणीच्या डोक्यावर दिलं, आणि 3,500 नग का गेले नाहीत हे प्रॉडक्शनला कोणी विचारलंच नाही. कारण चुकीचं लिहिलं गेलं की उपायही चुकीच्या खात्याकडे जातो.

दराच्या 45 लाखांतही एक मेख आहे. वाहन उद्योगात पोलादाचा भाव उतरला की ग्राहक नगाचा दर कमी करतो. त्या वेळी तुमचा कच्च्या मालाचा खर्चही उतरलेला असतो, त्यामुळे विक्री कमी दिसली तरी नफ्याला फारसा धक्का लागत नाही. पण तीच कपात ग्राहकाने वर्षाला मागून घेतलेली सूट असेल तर पैसे खरोखरच गेले. 40 रुपयांत कशाचा वाटा किती, हे पीओच्या अमेंडमेंटवरून कळेल, बैठकीतल्या बोलण्यावरून नाही.

नोंद अशी करा: "विक्री 10.80 कोटी, बजेट 12.00 कोटी, प्रतिकूल फरक 1.20 कोटी (नगसंख्या 75 लाख, दर 45 लाख). नगसंख्येतील घट ग्राहकाच्या कमी मागणीमुळे, असे विक्रीप्रमुखांनी सांगितले. शेड्यूलनुसार 4,000 नग कमी मागितले गेले व 3,500 नग पाठवता आले नाहीत." मात्र शेवटचं वाक्य बैठकीत कोणी बोललं असेल तरच मिनिट्समध्ये घाला. तुम्हाला ते नंतर शीट बघताना दिसलं असेल तर अध्यक्षांना वेगळं कळवा. विभागणी बैठकीत मांडलेली नसेल तर तिलाही हाच नियम. आणि ती मांडण्याआधी कॉस्टिंगवाल्यांकडून तपासून घ्या. बजेटचा दर धरायचा की प्रत्यक्षातला, यावर दोन माणसांची दोन उत्तरं येतात.

खर्चाच्या ओळीत कंसातला आकडा चांगला की वाईट? दर तिमाहीला वाद होतो. (एक वाचक, रांजणगाव)

कंस काढा. "अनुकूल" किंवा "प्रतिकूल" असा शब्द लिहा.

बैठकीत रिजेक्शन 1.8 टक्के दाखवलं होतं. चार दिवसांनी ग्राहकाकडून परत आलेला माल धरल्यावर ते 2.6 टक्के निघालं. साहेब म्हणतात, मिनिट्स अजून फायनल नाहीत, त्यातच 2.6 करून टाक. बरोबर आकडा लिहिण्यात गैर काय? (एक वाचक, चाकण)

या प्रश्नाची मी वाटच बघत असतो, कारण बहुतेक सगळ्या ऑफिसांत हे होतं आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

तुम्हीच लिहिलंय की तुमच्याकडे मर्यादा 2 टक्क्यांची आहे, आणि बैठकीत ठरलं की रिजेक्शन मर्यादेत असल्याने जादा तपासणीची पायरी नको. आता आकडा गुपचूप बदलून ती नोंद परत वाचा. रिजेक्शन 2.6 टक्के, मर्यादा 2 टक्के, आणि निर्णय काय, तर काहीही करू नये. समोर 1.8 असताना ज्यांनी योग्य निर्णय घेतला, तेच आता निष्काळजी ठरतात. सहा महिन्यांनी ग्राहकाचा ऑडिटर हेच पान उघडून विचारेल, "मर्यादा ओलांडलेली दिसत असूनही तुम्ही गप्प बसलात?" त्या वेळी "मूळ आकडा वेगळा होता हो" हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगणार? तो आधार तुम्हीच पुसलेला असेल.

बैठकीपुढे काय ठेवलं गेलं आणि त्यावरून काय ठरलं, एवढंच मिनिट्स सांगतात. तिमाहीचा अंतिम आकडा एमआयएस सांगतो. या दोन कागदांची कामं वेगळी आहेत, ती एकत्र केली की दोन्ही निरुपयोगी होतात.

चुका तीन तऱ्हेच्या असतात आणि तिन्हींना एकच औषध चालत नाही. सादरीकरणात 1.8 होतं आणि तुम्ही 1.3 टाइप केलंत, तर ती लिहिणाऱ्याची चूक. मसुद्यात सरळ दुरुस्त करा. बैठकीत मांडलेला आकडाच नंतर बदलला, जसं तुमचं झालंय, तर 1.8 तसाच ठेवा आणि खाली तारखेसह टीप जोडा: "बैठकीनंतर ग्राहकाकडून परत आलेला माल धरून सुधारित आकडा 2.6 टक्के, गुणवत्ता विभागाने 16 ऑक्टोबर रोजी कळवले." आणि मिनिट्स मंजूर झाल्यावर चूक सापडली, तर जुन्या पानाला हात लावायचा नाही. पुढच्या बैठकीत दुरुस्ती मांडायची आणि त्या बैठकीच्या मिनिट्समध्ये नोंदवायची.

टीप जोडून तुमचं काम संपतं, अध्यक्षांचं नाही. तपासणी न वाढवण्याचा निर्णय 1.8 वर उभा होता, आता पायाच सरकलाय. अध्यक्षांना आजच कळवा. निर्णय फिरवायचा की तसाच ठेवायचा ते त्यांनी ठरवावं, पण पुढच्या तिमाहीची वाट बघू नये. खराब माल जानेवारीपर्यंत थांबत नाही.

बदल केलाय हे कोणाला कळणार, असं साहेब म्हणत असतील. कळतं. सादरीकरणाची फाइल मेलवर तारखेसकट पडून असते. पुढच्या तिमाहीच्या "मागील तिमाही" या रकान्यात कोणीतरी त्याच फाइलमधून जुना 1.8 उचलतो, आणि दोन कागद समोरासमोर आले की विश्वास दोन्हींवरचा उडतो. म्हणून पहिल्यापासूनच आकड्यापुढे "तात्पुरते, 10 ऑक्टोबरचा एमआयएस, परतीचा माल वगळून" असं लिहायची सवय ठेवा. साहेबांना हे तोंडी सांगणं जड जात असेल तर तुमच्या गुणवत्ता प्रमुखांना किंवा अंतर्गत ऑडिटरला मध्ये घ्या. एकट्याने वाद घालू नका.

"सर्व संबंधितांनी पाठपुरावा करावा" ही ओळ आमच्याकडे दर वेळी असते. सर म्हणतात, पुढचं दिवाळीनंतर बघू. याला ॲक्शन पॉइंट म्हणायचं का? (एक वाचिका, पिंपरी)

नाही. "सर्व संबंधित" नावाचा माणूस तुमच्या पगारपत्रकावर नाही आणि "दिवाळीनंतर" ही तारीख कॅलेंडरवर नाही.

एका कामाला एक जबाबदार माणूस, एक तारीख, आणि काम झालं हे कशावरून ओळखायचं त्याची खूण, एवढं हवंच. "डिस्पॅच सुधारणे" याला खूण नाही. "प्लांट हेड यांनी न गेलेल्या 3,500 नगांची मशीनवार कारणे 24 ऑक्टोबरपर्यंत द्यावीत" याला आहे. तिथेच नुसती डागडुजी आणि कारणावरचा उपाय वेगळे लिहा. राहिलेला माल रविवारी जादा शिफ्ट लावून पाठवणं ही डागडुजी झाली. ज्या डायमुळे मशीन बंद पडत होतं ती बदलणं हा उपाय. पहिलं झालं म्हणून दुसऱ्यापुढे "पूर्ण" लिहिलेलं मी फार वेळा पाहिलंय. माणूस आणि तारीख बैठक उठण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा. ती बैठकीत ठरली नसेल तर स्वतःच्या मनाने भरू नका, अध्यक्षांना विचारून घ्या.

एका कन्सल्टंटने "आयएसओ मान्य" मिनिट्स फॉरमॅट विकायला आणलाय. घ्यावा का? (एक वाचक, तळेगाव)

असा काही फॉरमॅट नसतो. आयएसओ 9001:2015 च्या कलम 9.3 मध्ये व्यवस्थापन आढाव्यात काय विचारात घ्यायचं आणि त्यातून काय निघायला हवं ते सांगितलंय, आणि निष्कर्षांचा पुरावा जपून ठेवायला सांगितलंय. रकाने किती असावेत हे त्यात नाही. पैसे देण्याआधी तुमच्या सर्टिफिकेशन ऑडिटरला एक फोन करा.

मिनिट्स 30 दिवसांत झाले नाहीत तर कायद्याने बाद होतात, असं ऐकलंय. (एक वाचक, बाणेर)

ऐकीव आहे. 30 दिवसांची मुदत कंपनी कायदा 2013 च्या कलम 118 मधली आहे आणि ती संचालक मंडळ, त्याच्या समित्या आणि सर्वसाधारण सभा यांच्यासाठी आहे. खात्यांच्या तिमाही आढाव्याला ती लागत नाही. तुमचा आढावा मंडळाच्या एखाद्या समितीपुढे होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कंपनी सेक्रेटरींना विचारा. पण लागत नाही म्हणून महिनाभर बसून राहू नका. दोन दिवसांत मसुदा फिरवा, नाहीतर कोण काय बोललं ते बोलणाऱ्यालाही आठवत नाही.

आमची कंपनी शेअर बाजारात आहे. मिनिट्स टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले तर चालतील का? (एक वाचक, शिवाजीनगर)

नका टाकू. निकाल जाहीर होण्याआधीचे तिमाही आकडे ही किमतीवर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती ठरू शकते, आणि तिला सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे नियम लागू होतात. ज्याला कामासाठी गरज आहे त्यालाच ती द्यायची असते आणि कोणाला दिली याची नोंद ठेवायची असते. ग्रुपमधल्या लोकांना फक्त त्यांच्या नावाचं काम आणि तारीख कळवा, तीही आकड्यांशिवाय. आधीच टाकून बसला असाल तर मेसेज डिलीट करून गप्प राहू नका. आजच्या आज कम्प्लायन्स ऑफिसरना भेटा.