जोडाक्षरं लागत नसतील तर नंबराआधी दिवा बघा

«आईचं वय ६८. नुकताच नवीन चष्मा केला, दुकानात तक्ता शेवटपर्यंत वाचला. घरी मात्र पेपरातली जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात म्हणते आणि बँकेचा फॉर्म तर वाचताच येत नाही. नंबर वाढवून घेऊ, की दहा पटीचं भिंग आणू?»

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. पण हे दुखणं मी पुरेपूर भोगलंय, म्हणून लिहितोय. मोतीबिंदू, साखर, काचबिंदू हे सगळं तपासून झालंय असं धरतो. नसेल तर आधी ते करा. आणि ओळी वाकड्या दिसत असतील किंवा शब्दाच्या मधलंच अक्षर गायब होत असेल, तर हे उत्तर इथेच सोडून पडद्याच्या डॉक्टरांकडे जा.

माझा सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ खाल्ला तो एका चष्म्याच्या दुकानाने. नाव घेत नाही. मी तक्रार घेऊन गेलो की तिथला माणूस डोक्याशी झगझगीत दिवा लावायचा, हातात इंग्रजी तक्ता द्यायचा, मी तो वाचायचो, आणि तो म्हणायचा, ‘काका, थोडा नंबर वाढलाय.’ असं करत वाचायचा नंबर सव्वातीनवर नेऊन ठेवला. पेपर कुठे ठेवून वाचता, घरी दिवा कुठे आहे, मराठी वाचता की इंग्रजी, यातलं एक अक्षरही विचारलं नाही. प्रोग्रेसिव्ह काचांचं बिल मात्र दरवेळी नवं.

यात घोळ काय होतो ते बघा. शंभराला नंबराने भागलं की चष्म्यातून स्पष्ट दिसण्याचं अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं. (दूरचा नंबर वेगळा धरा, हा फक्त वाचायचा जादा नंबर.) अडीचला ४० सेंटिमीटर, सव्वातीनला जेमतेम ३१. साठीनंतर डोळ्याला स्वतःहून फोकस हलवता येत नाही, त्यामुळे या अंतराच्या फार पुढेमागे चालत नाही. मी पेपर टेबलावर पसरून वाचतो, म्हणजे डोळ्यापासून ४०-४५ सेंटिमीटरवर. नंबर वाढला तसा माझा पेपर आणखी पुसट झाला, आणि पुसट दिसतं म्हणून मी परत त्याच दुकानात! शेवटी एका रुग्णालयातल्या तरुण मुलीने माझ्याकडूनच पेपर मागून घेतला, ‘रोज जसा धरता तसा धरा’ म्हणाली, पट्टीने अंतर मोजलं आणि नंबर उतरवून अडीच केला.

आता इंग्रजी तक्ता वाचला म्हणजे मराठी पेपर वाचता येईल असं का नाही? त्याच मापाच्या टाइपात देवनागरीला डोक्यावर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-ऋकार बसवायचे असतात, त्यामुळे मूळ अक्षराच्या वाट्याला उंची कमी येते. द्ध, द्व, ट्ट यांत तर एका अक्षराच्या जागेत दोन कोंबलेली. आणि फरक म्हणजे एक इवलीशी रेघ. माझ्या एका फॉर्मवर तळाशी ‘पोच घ्यावी’ होतं की ‘पोच द्यावी’, हे मला कितीतरी वेळ कळेना. घ्य आणि द्य यांत डावीकडची एक गाठ सोडली तर आहे काय? पण अर्थ उलटा. तसंच ष्ट-ष्ठ, कृ-क्र. अनुस्वाराचा ठिपका तर पेपरच्या राखाडी कागदावर बुडूनच जातो. शिवाय तक्त्यावरची शेवटची ओळ कशीबशी लागली म्हणजे त्या मापाचा मजकूर सलग वाचता येतो असं नाही. आरामात वाचायला अक्षर त्याच्या साधारण दुप्पट हवं. म्हणून पुढच्या तपासणीला आईंबरोबर मराठी पेपर आणि तो फॉर्म घेऊन जा.

नंबर वाढवण्याआधी एक करा. सकाळी अकराच्या सुमाराला, आहे तोच चष्मा लावून आईंना खिडकीशी बसवा, ऊन पाठीवर नको, बाजूने उजेड येऊ दे. तोच मजकूर वाचता आला तर नंबराचा दोष नाही, घरातल्या उजेडाचा आहे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या अंदाजे तिसऱ्या हिश्श्याएवढाच उजेड पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि आतलं भिंग पिवळसर पडतं. उलट जास्त उजेडात आणखी भगभगलं, तर मोतीबिंदूकडे परत बघायला सांगा.

छतावरच्या ट्यूबने भागत नाही, आपल्याच डोक्याची सावली पेपरवर पडते. मान वळणारा टेबल लॅम्प घ्या, आत साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब, रंग फार निळसर नको. तो ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणला तर कागदावरचा उजेड जवळजवळ चौपट होतो, त्यामुळे जास्त वॅटच्या मागे लागू नका. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला दिवा डावीकडून, आणि बल्ब डोळ्याला दिसता कामा नये. फॉर्मचा कागद गुळगुळीत असेल तर कागदावर छोटा आरसा ठेवून नेहमीच्या जागेवरून बघा. आरशात बल्ब दिसला की चकाकी डोळ्यात येतेय, दिवा बाजूला सरकवा. एवढ्याने माझी बरीचशी जोडाक्षरं सुटी झाली.

आता भिंग. तळहाताएवढ्या भिंगावर ‘दहा पट’ लिहिलं असेल तर ते खोटं आहे. खरं दहा पट भिंग शर्टाच्या बटणापेक्षा थोडंसंच मोठं असतं आणि कागदापासून अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं, त्यातून एका वेळी एखादा शब्द दिसतो. दुकानात तपासायला सोपं आहे: छतावरच्या ट्यूबखाली पांढरा कागद धरा, भिंग हळूहळू वर उचला, ट्यूबची रेघ कागदावर ठळक उमटली की अंतर मोजा. साडेबारा सेंटिमीटर आलं तर शंभर भागिले साडेबारा, म्हणजे पॉवर ८. त्याला चारने भागा, दोन पट. पेपरसाठी माझ्या मते एवढं पुरतं, बारीक फॉर्मसाठी फार तर तीन पट. त्यापुढे ओळ हरवते.

हे सहसा कुणी सांगत नाही: भिंग कागदापासून त्याच्या त्या अंतरावर धरलं असेल, तर बायफोकलच्या वरच्या, लांबच्या भागातून बघायचं. भिंग कागदाला टेकवलं असेल तर खालच्या भागातून. आईंना दोन्ही करून बघायला सांगा. ‘भिंगाने उलट अंधूक दिसतं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

आणि बँकेचे ते फॉर्म! झेरॉक्सची झेरॉक्स काढून द्ध आणि द्व दोन्हींचा काळा ठिपका झालेला असतो, तो कुठल्याच चष्म्याने सुटत नाही. काउंटरवर ‘वाचून भरा’ एवढंच उत्तर मिळतं. मी आता कोरा फॉर्म आदल्या दिवशी घरी आणतो, दिव्याखाली वाचतो, न सुटलेल्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघतो, आणि तरीही नाही लागलं तर मूळ छापील प्रत मागतो. कुरकुर करतात, पण देतात. सही करण्याआधी काळ्या कार्डशीटमध्ये एका ओळीएवढी फट कापून ती ओळीओळीवरून सरकवा, आजूबाजूच्या पांढऱ्या कागदाची चमक झाकली जाते आणि एखादी ओळ निसटतही नाही.