'पातळ लोलक' : पातळ काय असतं आणि 'अवलंबून नसतं' हे कितपत खरं?

प्रश्न : "पातळ लोलकाचे विचलन आपाती कोनावर अवलंबून नसते, असं वाक्य मुलांना सांगतो. यात पातळ म्हणजे काचेची जाडी कमी, असंच ना? आणि 'अवलंबून नसते' म्हणायचं की 'जवळजवळ नसते'? वर्गातली एक मुलगी या 'जवळजवळ'वर अडून बसली आहे." (मालवण)

उत्तर : मुलगी बरोबर आहे. 'जवळजवळ' हवंच, आणि त्याच्या जोडीला आणखी एक अट हवी, जी या वाक्यात बहुतेक वेळा गाळलेली असते.

आधी 'पातळ'. मराठीत सोलकढी पातळ असते, कापड पातळ असतं, आणि नेसायचं असतं तेही पातळच. लोलकाच्या बाबतीत यातलं काहीच लागू नाही. इथे लहान असतो तो लोलकाचा कोन, म्हणजे किरण ज्या दोन पृष्ठांतून आत शिरतो आणि बाहेर पडतो त्यांच्यामधला कोन. १० अंशांच्या आत असला की पातळ म्हणायची सर्वसाधारण रीत आहे. सुतार कोयत्याच्या दांड्यात ठोकतो ती पाचर डोळ्यांपुढे आणा. पाचर बोटभर जाड असली तरी तिचा उतार तोच राहतो. माझ्या मते 'पाचरी लोलक' किंवा 'लहान कोनाचा लोलक' म्हटलं तर हा घोळच होणार नाही. पण 'पातळ' आता रुळलाय, तर राहू द्या, फक्त अर्थ सांगून टाका.

जाडीने काय होतं? किरण थोडा बाजूला सरकतो, त्याची दिशा बदलत नाही. कोन ४ अंश आणि उंची ३ सेंटिमीटर असलेला लोलक घेतला, तर पायाशी काच जेमतेम २ मिलिमीटर जाड भरते. एवढ्या जाडीने, किरण ४५ अंशांनी तिरका पडला तरी, सरक एक मिलिमीटरचीही होत नाही. विचलन दिशेतलं असतं, म्हणून ते अंतराबरोबर वाढत जातं. जाडीची सरक आहे तेवढीच राहते.

आता मुख्य मुद्दा. आपाती कोन i, निर्गत कोन e, आतले दोन अपवर्तन कोन r₁ आणि r₂, लोलकाचा कोन A आणि अपवर्तनांक n धरू. दोन गोष्टी कुठल्याही लोलकाला लागू असतात:

δ = i + e − A
r₁ + r₂ = A

सगळे कोन लहान असले तर sin काढून नुसते कोन लिहिता येतात. मग i = n r₁ आणि e = n r₂. हे वर घातलं की δ = n(r₁ + r₂) − A = (n − 1)A. i कुठे गेला ते पाहा. तो शून्य झालेला नाही, नगण्यही झालेला नाही. किरण पहिल्या पृष्ठावर जास्त तिरका पडला की तिथे जास्त वळतो, r₁ वाढतो. पण r₁ आणि r₂ यांची बेरीज लोलकाच्या कोनाने बांधलेली आहे, त्यामुळे r₂ तेवढाच घटतो आणि दुसऱ्या पृष्ठावरचं वळण नेमकं तेवढंच कमी होतं. अपवर्तनाचं प्रमाण दोन्हीकडे एकच, n, असल्यामुळे हिशोब चोख मिटतो. मुलांना इथे थांबवून हे दाखवावं, नाहीतर सूत्र पाठ होतं आणि i कसा गळाला हे कळत नाही.

ही फिट्टंफाट किती वेळ टिकते? sin ऐवजी कोन लिहिणं जोवर चालतं तोवर. म्हणजे A लहान असून भागत नाही, i देखील लहान हवा. गाळलेली अट ती हीच. काच कितीही निमुळती घेतली तरी किरण ६० अंशांनी तिरका पाडला की सूत्र कोसळतं.

वर्गासाठी एक हिशोब करून ठेवा. A = ४°, n = १.५. सूत्राने विचलन २ अंश यायला हवं. स्नेलच्या नियमाने, काहीही न गाळता केलेलं गणित असं येतं: किरण पृष्ठावर लंब पडला (i = ०) तर २.००६ अंश. i = १०° ला २.०२७, २०° ला २.१५४, ३०° ला २.४१४. पुढे मात्र बांध फुटल्यासारखं होतं: ४५° ला ३.१९ आणि ६०° ला ४.८८, म्हणजे सूत्राच्या जवळजवळ अडीचपट. यात i स्तंभिकेच्या पायाकडच्या बाजूला मोजलाय, पुस्तकातल्या आकृतीत असतो तसा. किरण धारेच्या बाजूने १० अंश तिरका आला तर विचलन २.०९१ भरतं, पायाकडून १० अंशांनी आला तर २.०२७. हा फरक पाहून मुलं गोंधळतात. कारण असं की विचलन सर्वांत कमी शून्य अंशाला नसतं, किरण लोलकातून सममितीने जातो तेव्हा असतं. आपल्या लोलकासाठी ती जागा i = ३° च्या आसपास येते, आणि तिथे विचलन २.००१५ अंश आहे. मोजायला सुरुवात तिथून करायची.

या तळापाशी आलेख सपाट असतो, म्हणून थोडं इकडेतिकडे झालं तर फरक जाणवत नाही. किती जाणवेल, याचा अंदाज तोंडी काढता येतो. तळापासून आपाती कोन किती अंश दूर आहे ते पाहा, त्याचा वर्ग करा, ४० ने भागा. आलं तेवढे टक्के विचलन वाढतं. १० अंश म्हणजे तळापासून ७ अंश दूर, ४९ भागिले ४०, सव्वा टक्का. वरच्या आकड्याशी जुळतं. धारेच्या बाजूचे १० अंश म्हणजे १३ अंश दूर, सव्वाचार टक्के, तेही जुळतं. ४० हा आकडा १.५ च्या आसपासच्या काचेसाठी आहे, आणि तिशीपर्यंतच भरवशाचा. ४५ ला तो ४४ टक्के सांगतो, प्रत्यक्षात वाढ ५९ टक्के होते.

हे शाळेत दाखवायचं तर लांब व्हरांडा, लाल लेझर आणि लहान कोनाचा लोलक एवढं पुरे. २० मीटरवरच्या भिंतीवर आधी लोलकाशिवाय ठिपक्याची जागा खूण करून घ्या. लेझर पक्का बांधा आणि फक्त लोलक फिरवा. लोलकाची धार उभी ठेवली की ठिपका आडवा, पायाच्या दिशेला सरकतो. लंब पडलेल्या किरणाला ठिपका खुणेपासून ७०.१ सेंटिमीटरवर येईल, १० अंशांना ७०.८ वर, २० ला ७५.२ वर, ४५ ला सुमारे १११ वर. पहिले दोन आकडे पट्टीने मोजताना एकमेकांत मिसळतात. ठिपकाच काही मिलिमीटरचा असतो, आणि किनाऱ्याची खारी हवा लागून काच धुरकटली असेल तर आणखी पसरतो. पण ४५ चा ठिपका मागच्या बाकावरूनही दिसतो. बाजारातल्या काचेचा अपवर्तनांक साधारण १.५१५ असतो, म्हणून ७० ऐवजी ७२ च्या आसपास आलं तर लोलक चुकीचा समजू नका. पांढरा दिवा घेऊ नका. अपस्करणाने कडा रंगीत होतात आणि मोजायचं कुठून तेच ठरत नाही. लेझरसमोर कुणाचे डोळे येणार नाहीत एवढं मात्र बघा.

i = ० कसं ओळखायचं? पहिल्या पृष्ठावरून परावर्तित झालेला फिकट ठिपका लेझरच्या तोंडावर परत आला की किरण लंब पडतोय. इथे एक गंमत आहे. मागच्या पृष्ठावरूनही एक ठिपका परततो, आणि नवख्या माणसाला तो पहिला वाटतो. तो तोंडावर आणला तर i शून्य नसतो, सुमारे ६ अंश असतो, कारण त्या वेळी किरण मागच्या पृष्ठावर लंब असतो. तरी विचलन तेच येतं, २.००६. किरणाचा मार्ग उलटा केला तर पहिली स्थिती दुसरी होते, दोन्ही तळाच्या दोन बाजूंना समान अंतरावर. म्हणजे ठिपक्यांची अदलाबदल झाली तरी मोजमाप बिघडत नाही, पण वहीत i चुकीचा लिहिला जातो.

लोलक शाळेच्या कपाटातला नेहमीचा ६० अंशांचा असेल तर हे सूत्र त्याला लावू नका. ते ३० अंश सांगेल. खरं किमान विचलन ३७.२ अंश आहे, आणि लंब पडलेला किरण तर समोरच्या पृष्ठातून बाहेरच येत नाही, आतल्या आत पूर्ण परावर्तित होतो.

म्हणून वाक्य मी असं सांगेन: लहान कोनाच्या लोलकावर किरण जवळजवळ लंब पडत असेल, तर विचलन आपाती कोनावर फारसं अवलंबून नसतं. 'फारसं' आणि 'जवळजवळ लंब' यातलं काहीही गाळलं तर वाक्य खोटं पडतं.

मालवणातून बोटीवर गेलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला वर्गात बोलावता आलं तर सेक्स्टंटच्या, म्हणजे क्षितिजापासून सूर्याची उंची कोनात मोजायच्या उपकरणाच्या, काळ्या काचा जरूर दाखवायला सांगा. सूर्य पाहताना आरशांपुढे आणायच्या या काचांची दोन्ही पृष्ठं समांतर हवीत. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि विकला म्हणजे कलेचा साठावा. काचांत २ कलांची पाचर राहिली तर सूत्राने विचलन १ कला येतं, आणि सूर्याच्या उंचीत १ कलेची चूक म्हणजे नकाशावर एक सागरी मैल, १८५२ मीटर. काच चौकटीत थोडी वाकडी बसली म्हणून हा दोष जात नाही किंवा वाढतही नाही: १० अंश तिरकी झाली तरी फरक दीड विकलेचा, आणि सेक्स्टंटच्या ड्रमवर तो वाचताच येत नाही. दोष ओळखायची रीत अशी. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या टोकाला गडद काच लावून सूर्याच्या दोन्ही प्रतिमा एकमेकींना टेकवायच्या. ती काच दोन्ही किरणांच्या वाटेत येते, म्हणून तिची पाचर दोघांना सारखीच वळवते. मग डोळा बाजूला घेऊन ती काढायची, दोन्ही आरशांपुढे एकेक काळी काच आणायची, आणि मगच पाहायचं. काचा आळीपाळीने बदलत जायच्या, पण दोन्ही वाटा झाकलेल्याच ठेवायच्या. प्रतिमा सुटल्या किंवा एकमेकींवर चढल्या तर त्या वेळी लावलेल्या काचांत पाचर आहे. काच तिच्याच प्रतलात अर्धा फेरा फिरवली तर चूक तेवढीच, पण उलट्या बाजूला येते.