कुंभविवाह आणि अर्कविवाह : शब्द दोन, कारणेही दोन

प्रश्न : ठाण्यातल्या आमच्या गुरुजींनी मुलीसाठी ‘कुंभविवाह’ सांगितला आहे, ऐरोलीच्या स्थळाकडची मंडळी त्यालाच ‘अर्कविवाह’ म्हणतात. दोन्ही एकच आहेत का? आणि मुलगी ‘मांगलिक’ आहे म्हणून हा विधी करण्याआधी आम्ही काय विचारावे?

उत्तर : एकच नाहीत. अर्क म्हणजे रुई. रुईच्या झाडाशी लग्न लावण्याचा विधी पुरुषासाठी आहे, तोही तिसऱ्या विवाहाच्या वेळी : तिसरा विवाह अशुभ मानला गेल्याने तो रुईशी लावायचा आणि नंतरची वधू चौथी धरायची. मूळ विधीत त्याचा मंगळाशी संबंध नाही. मुलीच्या संदर्भात कोणी ‘अर्कविवाह’ म्हणत असेल, तर तो शब्द ऐकीव समजावा.

कुंभविवाह मात्र मुलीसाठीच आहे. कमलाकरभट्टांच्या ‘निर्णयसिंधु’त (१६१२) उद्धृत केलेले वचन सांगते की बालवैधव्याचा योग असल्यास ‘कुम्भद्रुप्रतिमादिभिः’, म्हणजे घट, झाड किंवा प्रतिमा यांच्याशी लग्न लावून मग कन्येचा विवाह करावा. झाड म्हणजे येथे प्रामुख्याने पिंपळ, प्रतिमा विष्णूची. ‘मंगळ’ हा शब्द त्या वचनात नाही. तेथे आहे तो वैधव्ययोग. पत्रिकेत लग्नस्थानी म्हणजे पहिल्या, किंवा चतुर्थ, सप्तम, अष्टम वा व्यय म्हणजे बाराव्या स्थानी मंगळ असला की जोडीदाराला घातक, असे दुसरे एक प्रचलित वचन आहे, आणि त्याच धाग्याने मंगळाला हा उपाय चिकटला. ‘मांगलिक’ हा विशेषणाचा वापरही हिंदीतून आणि विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांच्या अर्जांतून आलेला आहे. मराठीत मांगलिक म्हणजे शुभ, आणि आपल्या घरांत ‘पत्रिकेत मंगळ आहे’ असेच म्हणतात.

म्हणून गुरुजींना पहिला प्रश्न हा विचारावा की संकल्पात दोषाचा उच्चार कोणता करणार : वैधव्ययोगाचा की केवळ मंगळाचा? वैधव्ययोगाचा असेल तर तो पत्रिकेत नेमका कशामुळे दिसतो, हे दाखवून द्यायला सांगावे. उदाहरणार्थ, कर्क लग्नाच्या पत्रिकेत सप्तमात मंगळ आहे, असे समजा. स्थान मोजले तर हा मंगळ दोषाचाच. पण कर्केपासून सातवी रास मकर, आणि मकरेत मंगळ उच्चीचा. अनेक ज्योतिषी अशा मंगळाला दोष धरत नाहीत, किंवा त्याला ‘सौम्य’ म्हणतात. तीच पत्रिका स्थानांच्या कोष्टकावरून पाहणारा तिला ‘कडक मंगळ’ म्हणून मोकळा होईल. बारा स्थानांपैकी पाच दोषाची मानली, तर साधारण बारांतल्या पाच पत्रिकांत मंगळ निघतो. अपवाद तपासल्याशिवाय निष्कर्ष काढणे बरे नव्हे. दक्षिणेकडे दुसरे स्थानही धरतात. नवी मुंबईत कन्नड किंवा तमिळ घरांशी सोयरीक जुळवताना एकाच मुलीला एकीकडे मंगळ असतो आणि दुसरीकडे नसतो, ते यामुळेच. कोणती स्थाने धरली, लग्नावरून मोजली की चंद्रावरूनही, आणि मुलाच्या पत्रिकेत मंगळ आहे का, हे स्थळाकडून स्पष्ट करून घ्यावे. दोघांनाही मंगळ असेल तर परंपरेनेच तो जुळलेला मानला जातो, आणि मग विधी कशासाठी, हा प्रश्न उरतो.

विधी ठरलाच, तर त्याचे स्वरूप आधी समजून घ्यावे. पुण्याहवाचनानंतर पाण्याने भरलेल्या घटावर वरुण आणि विष्णू यांची पूजा होते. प्रार्थनेत ‘पतिं जीवय कन्यायाः’ असे शब्द येतात, म्हणजे कन्येच्या पतीला जिवंत ठेव. मग कन्येला आणि घटाला दशतंतू सूत्राने वेष्टन करतात, आणि शेवटी घट बाहेर काढून जलाशयात फोडतात. मासुंदा तलावात माती आणि वस्त्रे टाकण्यापेक्षा घरीच मोठ्या घंगाळात घट फोडणे चालेल का, हे विचारून घ्यावे. विष्णूची प्रतिमा सोन्याची हवी की कमी किमतीची चालेल, ती दानात जाते का आणि दक्षिणा किती, हेही आधीच ठरवावे. मुलीचे लग्न अडल्याच्या धास्तीत या रकमा सहज वाढतात.

‘म्हणजे हिचे एक लग्न झाले का?’ ही कुजबुज नात्यात होतेच. शास्त्राचे उत्तर तयार आहे : अशा विवाहाने ‘पुनर्भूत्वं न जायते’, म्हणजे मुलगी पुनर्विवाहिता ठरत नाही. कायद्यानेही नाही, कारण १९५५ चा हिंदू विवाह कायदा दोन हिंदू व्यक्तींमधल्या विवाहाचाच विचार करतो. विवाहनोंदणीच्या अर्जात मुलीची आधीची स्थिती ‘अविवाहित’ अशीच लिहावी. घट त्या रकान्यात येत नाही.

विधीची मागणी कोणाची आहे, हेही मुलीच्या समोरच विचारावे, आणि उत्तर ‘मुलाच्या आईला समाधान हवे’ असे असेल, तर त्यांच्या मुलाची पत्रिका त्यांनी कोणाकडून तपासून घेतली, हे त्याच बैठकीत विचारायला संकोच करू नये.