सिकलसेलची चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे आजार ९५ टक्के पक्काच का?

प्रश्न: बहिणीची शिबिरात सिकलसेलची चाचणी पॉझिटिव्ह आली. सिस्टर म्हणाल्या, चाचणी ९५ टक्के बरोबर असते. म्हणजे तिला सिकलसेल असण्याची शक्यता ९५ टक्केच ना? तिचं लग्न ठरतंय.

उत्तर: नाही. सिस्टरांनी सांगितलेला आकडा उलटा वाचला गेलाय.

मी चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शिबिरांत बरीच वर्षं रक्त तपासलंय. तिकडच्या जंगलात वाघ दिसला की वानरं हमखास ओरडतात. पण वानरं ओरडली म्हणजे वाघच आला, असं म्हणता येत नाही. बिबट्याला, कुत्र्यालाही ती ओरडतात. ताडोब्यात ओरडली तर गोष्ट वेगळी, तालुक्याच्या बसस्टँडमागे ओरडली तर वेगळी.

आता आकडे घ्या, सगळे समजा म्हणून. दोष असलेल्या शंभरातल्या ९५ जणांना चाचणी पकडते आणि दोष नसलेल्या शंभरातल्या ५ जणांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. एका गावात १००० माणसं, त्यात २० जणांच्या रक्तात सिकलचा दोष. त्यातले १९ सापडतील. उरलेल्या ९८० निरोगी लोकांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९ जण विनाकारण पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह ६८, खरे १९.

19 / (19 + 49) ≈ 0.28

म्हणजे २८ टक्के. दुसऱ्या गावात हजारात २०० जणांना दोष असेल तर खरे १९० आणि खोटे ४० येतील, म्हणजे ८३ टक्के. नळी तीच, द्रावण तेच, फक्त गाव बदललं. म्हणून पहिला प्रश्न असा, की तुमच्या नात्यात, समाजात सिकलसेल किती आहे? सख्ख्या भावंडात निघाला असेल तर २८ विसरा.

शिबिरातली चाचणी बहुधा सोल्युबिलिटीची असते. रक्ताचा थेंब द्रावणात घालून नळी रेघा छापलेल्या कागदासमोर धरायची. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. पण रक्तात चरबी जास्त असली तरी नळी गढूळ होते. म्हणूनच तीच चाचणी पुन्हा केल्यानं खात्री दुप्पट होत नाही. चरबीमुळे फसली असेल तर तशीच पुन्हा फसेल. (लोक नेमकं तेच करतात, आणि दोनदा पॉझिटिव्ह आलं म्हणून रडत बसतात.)

वेगळ्या तत्त्वावरची चाचणी लागते, ती एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. बहिणीला अलीकडे रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा, निकाल बिघडतो. शिवाय वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) हा फरक सोल्युबिलिटीत कळतच नाही, तो इथेच कळतो. वाहक निघाली तर लग्नाला अडचण नाही, पण नवऱ्या मुलाचीही एचपीएलसी करून घ्या. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते.