कर्जासोबत विमा: टार्गेट आणि ग्राहक यांच्यात रेषा कुठे?

प्रश्न: मी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर आहे. संध्याकाळी रोजचा आकडा द्यावा लागतो, त्यामुळे प्रत्येक कर्जाला विमा जोडायचा दबाव असतो. कितपत विकावं आणि कुठे थांबावं?

उत्तर:

विम्याचा विषय कर्ज मंजूर झाल्यावर काढा, आणि त्याची सही वेगळ्या दिवशी घ्या. पंचवीस सह्यांच्या गठ्ठ्यात विम्याचा फॉर्म सरकवला, की ग्राहक तो कर्जाचाच भाग समजतो. ‘हे घेतलं की फाइल लवकर निघते’ असं सुचवणंसुद्धा माझ्या मते सक्तीच आहे.

प्रीमियम कर्जात मिसळणार असाल तर त्याची खरी किंमत कागदावर मांडून दाखवा. समजा कर्ज दहा लाखांचं, पाच वर्षांचं, व्याज 12 टक्के. हप्ता सुमारे 22,244. चाळीस हजारांचा एकरकमी प्रीमियम कर्जात टाकला, तर हप्ता 23,134 च्या आसपास जातो. महिन्याला 890 किरकोळ वाटतात, पण साठ हप्त्यांत चाळीस हजारांचे जवळपास 53,400 होतात. ग्राहकाला हे तुमच्याकडून कळलं नाही, तर कर्जाच्या स्टेटमेंटवर मुद्दल 10.40 लाख दिसल्यावर कळेल. तक्रार येते ती तिथूनच.

आधी एवढंच विचारा: तुमच्या मागे हप्ता कोण भरेल, आणि आधीचा टर्म विमा किती आहे? कमावणारा एकटाच आणि विमा काहीच नाही, तर कर्जाइतकं कवच खरंच उपयोगी आहे; तेव्हा संकोच न करता विका, पण प्रीमियम खिशातून भरण्याचा पर्यायही सांगा. आधीच्या टर्म विम्यातून घरखर्च भागून कर्जही फिटत असेल, तर तिथे थांबा. घटत्या कवचाची पॉलिसी असेल तर थकबाकीबरोबर विम्याची रक्कमही कमी होत जाते, हे स्पष्ट सांगा. कर्ज मुदतीआधी फेडल्यास उरलेल्या काळाच्या प्रीमियमचं काय होतं, तेही पॉलिसीत वाचून दाखवा. या दोन गोष्टींवरूनही पुढे वाद होऊ शकतात.

आता रोजच्या आकड्याबद्दल. आपल्याच मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी काढून किती भेटींमागे एक विक्री झाली ते मोजा, आणि त्या हिशोबाने रोजच्या भेटी ठरवा. यादीत मुदत संपत आलेल्या ठेवी, नुकताच पगार जमा होऊ लागलेली खाती आणि दुसरीकडे हप्ता जाणारी खाती आधी घ्या. शेवटच्या गटाला कर्ज इकडे आणा म्हणण्याआधी उरलेली मुदत बघा. मुदत सरत आली असेल तर बरंचसं व्याज भरून झालेलं असतं, मग प्रोसेसिंग फी वाचणाऱ्या व्याजापेक्षा जड पडते.

महिनाअखेरीला ओळखीच्यांची खाती उघडून आकडा भरला, तर ती पुढे व्यवहाराविना पडून राहतात. पॉलिसीही फ्री-लूक मुदतीत परत आली की मोजलेली विक्री वजा होते. म्हणून वरिष्ठांना आकडा देताना रद्द झालेल्या पॉलिसी आणि न चालणारी खाती त्याच तक्त्यात, शेजारच्या रकान्यात दाखवा.