मुसळधार, वळीव की झड: क्लिपसाठी कोणता शब्द?

प्रश्न: रावेरकडच्या केळीच्या बागेची छोटी क्लिप एआयच्या साधनात बनवतोय. ‘दुपार, केळीची बाग, मुसळधार पाऊस’ असं लिहिलं की पाऊस पडतो, पण खोडांच्या कडक सावल्याही दिसतात आणि धारा अगदी सरळ येतात. मुसळधारऐवजी कोणता शब्द वापरू? आणि धुक्यासाठी काय लिहू?

उत्तर: ‘वळीव’ तुमच्या कामाचा, पण तोही एकटा पुरणार नाही. मुसळधार हा शब्द पावसाचं प्रमाण सांगतो. उजेड कुठून येतो, थेंब कुठल्या बाजूला झुकतात, जमीन किती भिजली, यातलं काहीच तो सांगत नाही. ‘दुपार’ म्हटलं की साधन सवयीने ऊन टाकतं आणि त्यावर पाऊस चढवतं, म्हणून सावल्या उरतात. अहिराणीत ‘पानी उना’ म्हटलं की ऐकणाऱ्याला महिना आणि आभाळ बघून बाकीचं कळतं. साधनापुढे आभाळ नसतं, ते आपणच लिहून द्यावं लागतं.

मराठीतले काही शब्द मात्र उजेडासकट येतात. झड म्हणजे दिवसदिवस लागलेला पाऊस. आभाळ भरलेलं, उजेड चारी बाजूंनी सारखा, सावली जवळजवळ नाही. ऊनपाऊस म्हटलं की सूर्य उघडा, सावल्या कडक, आणि सूर्यासमोर पाहिलं तर धारा चमकताना दिसतात. वळीव या दोन्हींच्या मधला: एका बाजूने काळं आभाळ चढतं, दुसरीकडे अजून उजेड असतो, आणि थेंबांच्या आधी वारा येतो. क्लिपसाठी यातलं एकच निवडा. तुमच्या मूळ ओळीत ऊनपावसाचा उजेड आणि झडीचा पाऊस एकत्र झालेत.

आता धारांचा कोन. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने पडतो. वाराही तेवढाच, म्हणजे ताशी तेवीस-चोवीस किलोमीटर असेल, तर धार ४५ अंशांत तिरकी होते. भुरभुरीचा अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सेकंदाला दोनच मीटर उतरतो, त्यामुळे तो मंद झुळकेनेही तेवढाच तिरका होतो, जोराच्या वाऱ्यात तर जवळजवळ आडवाच वाहतो. म्हणून केळीची पानं डावीकडून उजवीकडे फडफडत असताना पाऊस सरळ खाली पडला, तर का ते सांगता येत नसलं तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. वाऱ्याची दिशा एकदाच लिहा, आणि पानं, धारा, धूळ तिन्ही त्याच दिशेला न्या.

धारेची लांबीही तपासता येते. सेकंदाला २४ चित्रं आणि प्रत्येक चित्राला १/४८ सेकंद उजेड धरला, तर तो मोठा थेंब एका चित्रात सुमारे १३ सेंटिमीटर खाली येतो. तेवढी रेघ दिसायला हवी. भुरभुरीची रेघ चारेक सेंटिमीटरच. शिवाय कॅमेऱ्याजवळच्या रेघा लांब आणि पुसट दिसतात, दूरच्या बारीक होत होत राखाडी पडद्यात मिसळतात. सगळ्या रेघा एकाच मापाच्या आल्या की पाऊस बागेत न पडता पुढ्यातल्या काचेवर पडल्यासारखा वाटतो. तुमची तक्रार बहुधा हीच आहे.

जमिनीचं मात्र रावेरकडच्या माणसाला सांगायला नको. जूनच्या सुरुवातीला काळ्या मातीला भेगा असतात. पहिले थेंब पडले की सुकलेल्या करड्या मातीवर गडद ठिपके उठतात, मग ते एकमेकांत मिसळून माती काळी होते, आणि पाणी आधी भेगांत जातं. साधन मात्र पहिल्याच सेकंदाला चकचकीत डबकी मांडतं. ते नको असेल तर ‘डबकी नकोत’ लिहून भागत नाही, कारण नकार पुष्कळदा वाया जातो आणि डबकं हा शब्द तेवढा पोहोचतो. काय नको त्याऐवजी काय आहे ते लिहावं.

मी असं लिहीन: ‘जून, संध्याकाळचे पाच, केळीची बाग. कॅमेरा स्थिर, उत्तरेकडे. मागे सातपुडा पावसाच्या पडद्याआड गेलेला. सूर्य ढगाआड, मंद सारखा उजेड, सावल्या पुसट, डावीकडचं आभाळ थोडं उजळ. वारा डावीकडून उजवीकडे. आधीच चिरलेली पानं त्याच दिशेला फडफडतात. मोठे थेंब तिरके पडतात. जवळच्या रेघा लांब आणि पुसट, दूरच्या बारीक. करड्या भेगाळ मातीवर गडद ठिपके वाढत जातात. ठिबकची काळी नळी ओली, तिच्यावर आभाळाची चमक.’ साधनाला मराठी नीट कळत नसेल तर हेच इंग्रजीत करून द्या, क्रम बदलू नका. ‘आधीच चिरलेली’ मुद्दाम घातलंय. क्लिपमध्ये पान फाटू दिलं की दोन क्षणांनी ते परत सांधलेलं दिसण्याची भीती असते.

इंद्रधनुष्याचा मोह होईल. ते सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, त्या विरुद्ध बिंदूपासून साधारण ४२ अंशांवर असतं. जूनमध्ये पाच वाजता तुमच्याकडे सूर्य साधारण २८ अंशांवर असतो, म्हणजे धनुष्याचा माथा पूर्वेला क्षितिजापासून १४ अंशांवर येईल. पश्चिमेकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्यात ते आलं तर क्लिप टाकून द्या.

ऊन जाऊन पाऊस येताना दाखवायचं असेल तर आठ सेकंदांत सगळं कोंबू नका. सावल्या तरंगायला लागतात. पहिल्या क्लिपमध्ये फक्त ढगाची सावली बागेवरून सरकू द्या. सेकंदाला दहा मीटर वेगाने चाललेला ढग आठ सेकंदांत ८० मीटर जातो, म्हणजे छोट्या बागेवरून तेवढ्यात सावली खरोखर जाते, काही पळवावं लागत नाही. त्या क्लिपचं शेवटचं चित्र दुसरीला पहिलं चित्र म्हणून द्या आणि पाऊस तिथे सुरू करा.

धुक्यात उलट अडचण आहे: एकच शब्द दोन चाली झाकतो. तापीकाठी हिवाळ्याच्या पहाटे धुकं साचतं. त्याला वारा जवळजवळ पडलेला लागतो, म्हणून त्या क्लिपमध्ये केळीची पानं हलली की धुकं खोटं ठरतं. तोरणमाळला पावसाळ्यात जे धुकं म्हणतात तो डोंगरावर टेकलेला ढग असतो. तो वाऱ्याबरोबर वाहतो, क्षणात झाड झाकतो, क्षणात सोडतो. पहिल्यासाठी ‘साचलेलं, हालचाल नसलेलं’ लिहा, दुसऱ्यासाठी ‘वाहता ढग’ आणि दिशा. नुसतं धुकं लिहिलं की साधन जमिनीतून धुरासारखे लोट काढतं.

दाटपणा ‘गच्च’ किंवा ‘विरळ’ लिहून नीट येत नाही, अंतराने येतो: ‘केळीची पहिली ओळ स्वच्छ, तिसरी फिकट, सहावी नुसता आकार, मागे पांढरं.’ खरं धुकं असंच वागतं, जवळचं ठळक ठेवतं आणि दूरचं गिळतं. सगळ्या चित्रावर सारखा पांढुरका थर आला, तर समजा की धुकं बागेत नाही, चित्रावर आहे.

तपासताना क्लिप पाव वेगाने लावा आणि आधी पानं नि धारा एका दिशेला आहेत का तेवढंच पाहा, मग सावल्या, मग माती. एवढं करूनही साचलेल्या पाण्यावरच्या थेंबांच्या कड्या क्वचितच जमतात. थेंब एकीकडे, कडी दुसरीकडे. तिथे मी साचलेलं पाणी चौकटीबाहेर ठेवतो.